परीक्षा एका नावाची, कामे दोन

परदेशी जायचे ठरले की घरात पहिला वाद इंग्रजीच्या परीक्षेवरून होतो. आयईएलटीएस द्यावी की पीटीई? क्लासवाले हल्ली पीटीई सुचवतात, कारण तिचा निकाल लवकर लागतो. आयईएलटीएसमध्ये समोर परीक्षक बसून ११ ते १४ मिनिटे बोलतो. पीटीईत समोर फक्त संगणक आणि कानाला हेडफोन. गुणही मुख्यतः संगणकच देतो. परक्या माणसासमोर जीभ अडखळणाऱ्यांना हे बरे वाटते. पण बोलताना तीन सेकंद गप्प राहिलात की माइक बंद होतो, हेही ध्यानात घ्या. परीक्षक निदान थांबून ऐकून तरी घेतो.

मात्र सोपी परीक्षा कोणती, हे नंतर बघा. ती कोणाला दाखवायची आहे, हे आधी ठरवा. कॅनडाचेच घ्या. तिथल्या विद्यापीठाला पीटीई अकॅडमिक किंवा आयईएलटीएस अकॅडमिक चालते. पण एक्स्प्रेस एंट्रीतून कायम वास्तव्यासाठी अर्ज करायचा, तर यातली एकही चालत नाही. तिथे पीटीई कोअर किंवा आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग लागते. पीटीई कोअर कॅनडाने ३० जानेवारी २०२४ पासून मान्य केली. नावात पीटीई दोन्हीकडे असल्यामुळे नोंदणी करताना फसगत होते. चुकीची परीक्षा उत्तम गुणांनी पास झालात, तरी फी आणि मेहनत दोन्ही पाण्यात.

आता गुणांचे बघू. समजा, नाशिकच्या एका अकाउंटंट तरुणीला पीटीई कोअरमध्ये ऐकण्यात ७२, वाचनात ७०, बोलण्यात ७४ आणि लेखनात ६६ गुण मिळाले. आकडे पाहून घरचे पेढे वाटतील! पण कॅनडा हे गुण आपल्या सीएलबी या मापाने मोजतो, आणि चारही कौशल्यांत वेगवेगळे मोजतो. फेडरल स्किल्ड वर्कर योजनेला चारही ठिकाणी किमान सीएलबी ७ हवी. ती बोलण्यात ६८ ला मिळते, लेखनात मात्र ६९ ला. म्हणजे हिची लेखनाची पातळी ६ ठरली आणि तीन गुणांसाठी अर्जच अपात्र. सरासरी इथे कामी येत नाही. आयईएलटीएस जनरलमध्ये हीच पातळी चारही भागांत ६ बँडला मिळते, हिशेब तेवढा सरळ.

म्हणून फी भरण्याआधी कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या योजनेच्या पानावरची मान्य परीक्षांची यादी वाचा आणि नोंदणीच्या पडद्यावरचे पूर्ण नाव तिच्याशी ताडून पाहा. 'पीटीई' एवढाच शब्द जुळून भागत नाही. विद्यापीठाचे पान वेगळे उघडा, कारण दोघांच्या याद्या वेगळ्या असतात. निकालाची तारीखही पाहा. एक्स्प्रेस एंट्रीत प्रोफाइल भरताना आणि नंतर प्रत्यक्ष अर्ज करताना, दोन्ही दिवशी निकाल दोन वर्षांच्या आतला असावा लागतो. आमंत्रणाची वाट पाहण्यात महिने निघून जातात, तेव्हा परीक्षा फार आधी उरकून ठेवणेही अंगलट येऊ शकते.