उंची रक्तातली की रेशनमधली?

एखादा समाज पिढ्यान्‌पिढ्या ठेंगणा दिसला की ते त्याच्या रक्तातच आहे, असे मानण्याची आपल्याकडे आणि जगभरही जुनी सवय आहे. एखाद्या विशिष्ट व्यक्तीपुरते हे बऱ्याच अंशी खरे आहे. सुस्थितीतल्या एकाच वस्तीतील दोन मुलांच्या उंचीत जो फरक पडतो, त्यातला मोठा भाग आनुवंशिक असतो. परंतु एका समाजाची सरासरी उंची दुसऱ्या समाजापेक्षा कमी का, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर स्थलांतरितांच्या मुलांकडे पाहावे लागते. कारण त्यांच्या बाबतीत वंश तोच राहतो आणि परिस्थिती तेवढी बदलते.

या दृष्टीने ग्वाटेमालाच्या माया लोकांचे उदाहरण अत्यंत बोलके आहे. त्या देशात 1960 ते 1996 या काळात यादवी युद्ध चालले. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली वा नाहीशी झाली, असा 1999 मध्ये सत्यशोधन आयोगाने अंदाज दिला. बळी पडलेल्यांत बहुसंख्य माया शेतकरी होते आणि अत्याचारांची फार मोठी जबाबदारी सरकारी फौजांची होती. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीपासून हजारो माया कुटुंबे अमेरिकेत पळून गेली. कोणी फ्लोरिडातल्या इंडियनटाउन या गावी शेतमजुरी पत्करली, तर कोणी लॉस एंजेलिसमध्ये हातात पडेल ते काम धरले. ही माणसे श्रीमंत देशात पोहोचली; पण श्रीमंत झाली नाहीत.

मानवशास्त्रज्ञ बॅरी बोगिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबांतील मुलांची मोजमापे घेतली. वाढत्या मुलांची अंतिम उंची ठाऊक नसते, म्हणून त्यांची तुलना आईबापांशी न करता ग्वाटेमालातच राहिलेल्या, त्याच वयाच्या माया मुलांशी केली. 1992 च्या मोजणीत अमेरिकेतली मुले सरासरी साडेपाच सेंटिमीटरने उंच भरली. 1999 आणि 2000 साली 5 ते 12 वर्षांची 431 मुले पुन्हा मोजली आणि 1998 मध्ये ग्वाटेमालात मोजलेल्या 1,347 मुलांशी ताडून पाहिली, तेव्हा हे अंतर साडेअकरा सेंटिमीटरांवर गेलेले होते. दहा वर्षांच्या आत एखाद्या समाजाची आनुवंशिकता बदलत नसते.

येथे एक आक्षेप घेता येतो: मुळात उंच आणि धडधाकट माणसेच देश सोडून गेली असतील! वाढलेली उंची शरीराच्या कोणत्या भागात आहे हे पाहिले, म्हणजे या आक्षेपाचा जोर ओसरतो. बसलेल्या स्थितीतली उंची एकूण उंचीतून वजा केली की पायांची लांबी मिळते. साडेअकरांपैकी सुमारे सात सेंटिमीटर वाढ एकट्या पायांची होती. म्हणजे मुले नुसती मोठी झाली नव्हती, त्यांच्या शरीराचे प्रमाणच बदलले होते. बालपणाच्या पहिल्या वर्षांत पायांची हाडे धडापेक्षा झपाट्याने वाढतात. त्या काळात अन्न अपुरे पडले किंवा वारंवार जुलाब झाले, तर शरीर आधी मेंदू आणि पोटातील इंद्रिये सांभाळते आणि कात्री पायांच्या वाढीला लागते. म्हणून आखूड पाय ही पुष्कळदा पहिल्या काही वर्षांतल्या हालअपेष्टांची नोंद असते.

मग अमेरिकेत बदलले काय? नुसते ताट बदलले असे म्हणणे अपुरे ठरेल. नळाला शुद्ध पाणी आले. लसीकरण आणि दवाखाना आवाक्यात आला. गर्भवती आणि लहान मुलांसाठी सरकारी पूरक आहाराची योजना होती, आणि शाळेत दुपारचे जेवण होते. कागदपत्रे नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिला होता. आईबापांची मजुरी तुटपुंजीच राहिली. मुलांना जे मिळाले त्यातला मोठा वाटा सार्वजनिक व्यवस्थेचा होता.

बाजाराने दिलेले तेही नोंदवले पाहिजे. गोड पेये, तळलेले स्वस्त पदार्थ आणि दूरचित्रवाणीसमोरची बैठक यांमुळे याच मुलांपैकी पुष्कळांचे वजन प्रमाणाबाहेर वाढले. शिवाय ती अमेरिकन समवयस्कांपेक्षा ठेंगणीच राहिली. ज्या आईची स्वतःची वाढ बालपणी खुंटली, तिच्या गर्भालाही त्याची झळ पोहोचते. म्हणून अशी तूट भरून निघायला एकाहून अधिक पिढ्या लागू शकतात.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की मुलांना उंच करायचे तर देश सोडावा. त्याला जपानचे उत्तर आहे. कॅलिफोर्नियात जन्मलेली जपानी वंशाची मुले जपानमधील मुलांपेक्षा उंच आहेत, असे विल्यम ग्रॉयलिक यांनी 1957 मध्ये दाखवले होते. त्यांनीच 1976 मध्ये पुन्हा तुलना केली, तेव्हा ते अंतर जवळजवळ मिटले होते. मधल्या काळात जपानमध्ये राहणीमान सुधारले होते आणि 1954 च्या कायद्याने शालेय भोजनाला पक्का आधार मिळाला होता. त्यासाठी जपानी मुलांना कोठे जावे लागले नाही.

हा वाद आपल्या दारातला आहे. भारतीय मुले आनुवंशिकतेनेच ठेंगणी असल्यामुळे कुपोषणाचे आकडे फुगलेले दिसतात, असे प्रतिपादन अर्थशास्त्रज्ञ अरविंद पानगढिया यांनी 2013 मध्ये केले होते. हे खरे मानले, तर सरकारवरचा मोठाच भार हलका होतो. परंतु इंग्लंडमधील भारतीय वंशाच्या कुटुंबांची पाहणी अलाचेविच आणि तारोझ्झी यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केली. तेथील प्रौढ भारतीय गोऱ्यांपेक्षा ठेंगणे आहेत. मात्र त्यांची दोन ते चार वर्षांची मुले गोऱ्या मुलांच्या बरोबरीची आहेत. परदेशी जाणारी कुटुंबे सुस्थितीतली असतात, हे मान्य केले तरी त्यामुळे रक्ताचा सिद्धान्त सावरत नाही. उलट सुस्थितीच निर्णायक ठरते.

आता महाराष्ट्राकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2015-16 मध्ये राज्यातील पाच वर्षांखालील 34.4 टक्के मुले वयाच्या मानाने खुरटलेली होती. 2019-21 च्या पाहणीत हे प्रमाण 35.2 टक्के आढळले. या काळात राज्याचे उत्पन्न वाढले. मुलांची उंची त्याबरोबर वाढली नाही. माया मजुरांच्या घरात जे घडले त्याच्या नेमके उलट हे आहे.

आपल्या कार्यकर्त्यांनी यातून काही व्यवहार्य बोध घ्यावा. अंगणवाडीत गेल्यावर केवळ वजनाचा तक्ता पाहून परतू नये. वजन चार आठवड्यांच्या खाऊने सुधारलेले दाखवता येते. उंची तशी दाखवता येत नाही. दोन वर्षांखालील मुलांची लांबी आडवे निजवून, आणि मोठ्यांची उंची उभे करून, नियमाने मोजतात का, हे विचारावे. त्या वहीसोबत गावाच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली आणि गर्भवतींना पूरक आहार किती महिने मिळाला, याचीही विचारणा करावी. ग्रामसभेत हे तीन कागद एकत्र ठेवले, म्हणजे ‘आमच्याकडची मुले अशीच असतात’ हे उत्तर देणे कोणालाही अवघड जाईल.