यातली आपली आष्टी कोणती?

बापू गोखले आष्टीच्या लढाईत धारातीर्थी पडले, 20 फेब्रुवारी 1818 रोजी. वाक्य अगदी बरोबर आहे. पण मी ते शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात लिहिलं, प्रकल्प होता बीड जिल्ह्यातल्या आमच्या आष्टी तालुक्यावर, आणि तिथं ते साफ चुकलं. ती लढाई झाली ती आष्टी सोलापूर जिल्ह्यात, मोहोळ तालुक्यात आहे. सरांनी त्या ओळीवर लाल पेन फिरवला आणि एवढंच विचारलं, "ही कोणती आष्टी, बघितलंस का?"

बघितलं नव्हतं. लाज याची जास्त वाटली, की माझ्याकडे वाचनाचा सगळा ढीग झोटेरोमध्ये नीट लावलेला होता. दोनशेच्या वर पीडीएफ, लेख, बातम्या. सर्च बॉक्समध्ये 'आष्टी' टाकलं, समोर आलं ते उचललं. मग ढीग नीट लावून चुकलं काय?

ज्यांनी झोटेरो वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे फुकट मिळणारं, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. 2006 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास केंद्रात ते सुरू झालं. पुस्तक, लेख, प्रबंध, बातमी, काहीही त्यात टाकायचं. लेखक, वर्ष, प्रकाशक यांची नोंद आणि तिला जोडलेली पीडीएफ एकत्र राहते. तिथंच वाचता येतं, अधोरेखित करता येतं, आणि शेवटी वर्डमध्ये संदर्भसूची आपोआप तयार होते. बहुतेक जण या शेवटच्या सोयीसाठी ते घेतात. माझं म्हणणं असं की सूची ही त्यातली सगळ्यात छोटी सोय आहे. खरी गोष्ट ही, की सहा महिन्यांपूर्वी वाचलेलं नेमकं वाक्य आज सापडतं की नाही.

आणि ते आपोआप सापडत नाही. झोटेरो अक्षरं शोधतं, अर्थ शोधत नाही. 'आष्टी' टाकलं की त्याच्या दृष्टीनं सगळ्या आष्ट्या सारख्याच. महाराष्ट्रात निदान पाच आहेत. आमची बीडची, लढाईची सोलापूरची, 1942 च्या ऑगस्टमध्ये पोलिस ठाण्यावर मोर्चा गेला ती वर्ध्याची, परतूर तालुक्यातली जालन्याची आणि गडचिरोलीत चामोर्शी तालुक्यातली. माझ्या ढिगात यातल्या तिघींचे लेख एकाच फोल्डरमध्ये सुखानं नांदत होते.

उलटा प्रकारही होतो. आपलीच गोष्ट वेगळ्या अक्षरांत दडून बसते. आपल्या जिल्ह्याचं सरकारी गॅझेटिअर 1969 चं आहे, इंग्रजीत, आणि त्यावर जिल्ह्याचं नाव आहे Bhir. तुम्ही Beed टाकून शोधत बसलात तर हातातलं पुस्तकही दिसणार नाही. मराठीत तर आणखी एक गंमत आहे. 'शेतकऱ्यांचा' हा शब्द दोन जणांनी दोन कीबोर्डवर टाइप केला तर डोळ्यांना सारखाच दिसतो, पण आतली चिन्हं वेगळी असू शकतात, कारण 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. सर्चला ते दोन वेगळे शब्द वाटतात. तुम्ही म्हणता लेख नाहीच, आणि लेख तिथंच असतो.

म्हणून अर्थ आपण भरायचा. कधी? वाचतानाच. नंतर म्हटलं की ते होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

एक नोंद कशी लावली ते सांगते. माझ्याकडे दुष्काळावरचा एका जुन्या मराठी मासिकातला लेख होता, बारा पानं, कुणीतरी स्कॅन केलेला. इंग्रजी शोधनिबंध टाकला की झोटेरो लेखक-वर्ष स्वतः शोधून आणतं. जुन्या मराठी स्कॅनच्या बाबतीत बहुधा काहीच येत नाही, फाइल नुसती `scan_004.pdf` म्हणून पडून राहते. अशा वेळी फाइलवर राइट क्लिक करून `Create Parent Item` निवडायचं आणि `Manual Entry` दाबायचं. मग लेखाचं नाव, लेखक, मासिक, महिना, वर्ष, पानं स्वतः लिहायची. पाच मिनिटं जातात. ही पाच मिनिटं टाळली की ती फाइल सूचीतही येत नाही आणि आठवणीतही राहत नाही.

मग वाचन. स्कॅन म्हणजे फोटो, त्यातली ओळ रंगवता येत नाही, कारण तिथं अक्षरं नाहीतच. तेव्हा चौकोन काढायचं हत्यार घ्यायचं, परिच्छेदाभोवती चौकट ओढायची आणि बाजूला टिप्पणी लिहायची. माझी पहिली टिप्पणी होती "महत्त्वाचं!!" दोन महिन्यांनी तिचा मला काही उपयोग झाला नाही. महत्त्वाचं कशासाठी, तेच आठवेना. आता मी पूर्ण वाक्य लिहिते: "1972 च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर गेलेली कुटुंबं पुढं ऊसतोडीला वळली, असं लेखक म्हणतो; पुरावा दिलेला नाही." या एका वाक्यात तीन गोष्टी आल्या. काय म्हटलंय, कोण म्हणतंय, आणि माझा विश्वास किती. शिवाय 'ऊसतोड', 'रोजगार हमी' हे शब्द युनिकोड मराठीत टाइप झाले. म्हणजे त्या मुक्या फोटोला शोधता येईल असं तोंड फुटलं.

रंगांचंही तसंच. सगळं पिवळं केलं तर काहीच पिवळं नाही. मी तीनच ठेवलेत. पिवळा म्हणजे माहिती, हिरवा म्हणजे प्रकल्पात जसंच्या तसं उद्धृत करायचं, लाल म्हणजे दुसरीकडून तपासायचं. बापू गोखल्यांच्या त्या ओळीला तेव्हा लाल लावला असता तर सरांना लाल पेन काढावा लागला नसता.

आता टॅग. फोल्डर, म्हणजे झोटेरोच्या भाषेत कलेक्शन, ही प्रकल्पाची विभागणी आहे. एकच लेख 'दुष्काळ' आणि 'स्थलांतर' दोन्हींत ठेवता येतो, त्याची प्रत होत नाही. पण हा लेख कशाबद्दल आहे ते टॅग सांगतो. मी चार टॅग केले: 'आष्टी-बीड', 'आष्टी-सोलापूर', 'आष्टी-वर्धा', आणि चौथा 'आष्टी-तपासायची'. नवीन काही आलं आणि जिल्हा कळला नाही की ते चौथ्यात. गॅझेटिअरलाही 'आष्टी-बीड' लावला, त्यामुळे त्याचं स्पेलिंग Bhir असो की आणखी काही, फरक पडत नाही. एक काळजी मात्र घ्या. टॅग दरवेळी नव्यानं टाइप करू नका. पहिली दोन अक्षरं टाकली की खाली यादी येते, तिच्यातूनच निवडा. नाहीतर 'आष्टी-बीड' आणि 'आष्टी बीड' असे दोन टॅग होतात आणि अर्धा ढीग पुन्हा हरवतो.

लेखनाला बसलात की नोंदीवर राइट क्लिक करून `Add Note from Annotations` दाबा. तुमच्या सगळ्या चौकटी, रंग आणि टिप्पण्या पान क्रमांकासह एका नोटमध्ये येतात. तिथं पान क्रमांक एकदा छापील पानाशी ताडून घ्या. स्कॅनचं पहिलं पान मुखपृष्ठ असतं, त्यामुळे फाइलमधलं 14 वं पान छापील 10 वं असू शकतं, आणि संदर्भात छापील आकडाच लागतो.

एवढं करूनही शोधल्यावर काही मिळालं नाही, तर 'त्यात नाहीच' असं लगेच ठरवू नका. आधी सर्च बॉक्सच्या डाव्या टोकाला `Everything` निवडलंय का ते बघा. ते नसेल तर पीडीएफच्या आतला मजकूर तपासलाच जात नाही. मग फाइलवर क्लिक करून उजवीकडे `Indexed` पुढे काय लिहिलंय ते वाचा. `No` असेल तर बहुधा तो स्कॅन आहे. `Partial` असेल तर फाइल अर्धवट वाचली गेली आहे. मूळ सेटिंगप्रमाणे झोटेरो एका पीडीएफची पहिली शंभर पानंच शोधासाठी घेतं. शोधगंगेवरून उतरवलेला अडीचशे पानांचा प्रबंध असेल तर निष्कर्षाचं प्रकरण शोधाच्या बाहेर राहतं. ही मर्यादा सेटिंग्जमध्ये वाढवता येते.

`Yes` असूनही मराठी शब्द सापडत नसेल तर एक वाक्य कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला आला तर फाइल युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमधली आहे. पानावर मराठी दिसतं, आत मराठी नसतं. मराठी प्रबंध आणि अहवालांत हे बरंच भेटतं. अशा फाइलला टिप्पणी आणि टॅग हाच आधार.

शेवटची गोष्ट, हे सगळं राहतं कुठं? कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर केलंत तर तिथंच राहतं. झोटेरोचं खातं काढलं की नोंदी, टॅग आणि टिप्पण्या फुकट सिंक होतात, पण पीडीएफ फाइल्ससाठी फुकट जागा 300 एमबीच आहे. स्कॅन केलेल्या चार-पाच पुस्तकांत ती संपते. मग महिन्यातून एकदा झोटेरो बंद करून `Zotero` नावाचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. नुसत्या पीडीएफ घेऊ नका. तुमच्या टिप्पण्या पीडीएफमध्ये नसतात, त्या फोल्डरमधल्या `zotero.sqlite` या फाइलमध्ये असतात.

काही जण म्हणतील, एवढं टाइप करायचं तर वही काय वाईट? वीस लेख असतील तर वहीच घ्या, खरंच. पण ढीग शंभराच्या पुढं गेला की वहीत शोधणं म्हणजे पुन्हा वाचणं. प्रश्न तोच राहतो: प्रत्येक तुकड्यावर तुम्ही तुमच्या शब्दांत एक वाक्य लिहिलं आहे का?

माझा प्रकल्प नंतर मान्य झाला. बापू गोखल्यांचा लेख मी काढून टाकला नाही. तो अजून आहे, 'आष्टी-सोलापूर' टॅगखाली, आणि त्यावर टिप्पणी आहे: "ही आपली आष्टी नाही."