दोन कप मैदा म्हणजे नेमका किती?



गेल्या महिन्यात गुरुवारी रात्री साडेदहाला अकोल्याहून माझ्या भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. लग्न होऊन तिला तीन वर्षे झाली. गेल्या वर्षापासून ती घरीच केक करून विकते आणि मोहल्ल्यात तिचं नाव होऊ लागलं आहे. रविवारी शेजारच्या मुलीची मंगनी होती आणि तीन किलोच्या केकची ऑर्डर तिने आगाऊ पैसे घेऊन धरली होती. केक मात्र नेहमीचा करायचा नव्हता. तिची नणंद अमेरिकेत असते, तिच्या हातचा दह्याचा केक मुलीच्या आईने कधीतरी खाल्ला होता. तोच हवा होता. नणंदेने कृती फोनवर लिहून पाठवली आणि भाचीने आधी एक छोटा केक करून पाहिला.

"खाला, सगळं जसंच्या तसं केलं. मध्येच बसला, तळाशी तूप सुटलं, आणि खाल्ल्यावर जिभेवर साबणासारखं लागतं. ओव्हन बिघडला का?"

ओव्हन बिघडला नव्हता, कारण आदल्याच दिवशी त्यात तिचा नेहमीचा केक छान फुगला होता. मी म्हटलं, "बेटा, नणंदेने काय लिहिलं ते मला अक्षर न् अक्षर वाचून दाखव. आणि तू ते कशाने मोजलंस तेही सांग."

कृती अशी होती: अडीच कप मैदा, दीड कप साखर, चार अंडी, एक कप दही, 8 oz बटर, दीड tsp बेकिंग पावडर, अर्धा tsp खायचा सोडा. कृतीत काहीच खोट नव्हती. खोट निघाली ती या लहान लहान शब्दांत.

पहिला शब्द कप. भाचीने घरातला चहाचा कप घेतला होता. आपल्याकडे चहाचा कप काठोकाठ भरला तर साधारण दीडशे मिलिलिटर भरतो, कुठे त्याहून कमी. अमेरिकेतल्या कृतीत कप म्हणजे कपबशीतला कप नव्हे. ते ठरलेलं माप आहे, सुमारे 240 मिलिलिटरचं. म्हणजे अडीच कप मैदा जिथे 310 ग्रॅमच्या आसपास पडायचा, तिथे हिच्या भांड्यात 195 ग्रॅम पडला. साखर तीनशेऐवजी एकशे ऐंशी-नव्वद ग्रॅम. दहीही त्याच हिशेबाने कमी.

इथे कुणी म्हणेल, कप लहान असला म्हणून काय झालं, सगळंच त्या कपाने मोजलं तर प्रमाण तेच राहतं ना? बरोबर आहे. आपल्या वाटीच्या कृती म्हणूनच कधी फसत नाहीत. एक वाटी रवा, एक वाटी साखर, दोन वाट्या पाणी, मग वाटी अमरावतीची असो की अचलपूरची. पण या कृतीत अंडी चार होती, आणि अंडं कपाबरोबर लहान होत नाही. बटर औंसात होतं, सोडा चमच्यात होता. तीन जिन्नस कपावर अवलंबून आणि बाकीचे नाहीत, असं झालं की कप बदलताच प्रमाण मोडतं. मैदा कमी, बटर आणि अंडी पूर्ण, म्हणून केक धरला नाही. मध्ये बसला आणि तळाशी तूप सुटलं.

साबणाची चव मात्र कपाने आणली नव्हती. ती आली tsp या तीन अक्षरांतून. भाचीने ते "टेबलस्पून" असं वाचलं. टी म्हणजे टेबल, एसपी म्हणजे स्पून, असा तिचा हिशेब. खरं तर tsp म्हणजे टीस्पून, चहाचा चमचा, पाच मिलिलिटरचा. टेबलस्पून लिहायचा तर मध्ये बी येतो: Tbsp, आणि तो पंधरा मिलिलिटरचा असतो. बायका घाईत नुसता टी लिहितात, लहान टी चहाचा आणि मोठा टी टेबलचा, आणि फोन आपल्या मनाने वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतो. अशाने किती केक वाया गेले असतील! भाचीच्या भांड्यात सोडा तिप्पट गेला आणि मैदा कमी असल्याने त्या मानाने जवळजवळ पाचपट झाला. दह्याच्या आंबटपणाला जेवढा सोडा मारता येतो त्याहून जास्त उरला की तो साबणासारखा लागतो आणि केक गडद तांबूस होतो. मी विचारलं, "रंग कसा आला?" म्हणाली, "वरून काळपट, आतून पिवळसर तपकिरी." मग शंकाच राहिली नाही.

राहिला औंस. याची मात्र मजाच आहे. घरात औंसाच्या खुणा असलेली एकच वस्तू होती, बाळाची दुधाची बाटली. भाचीने बटर वितळवलं आणि बाटलीत आठच्या खुणेपर्यंत मोजलं. आता कृतीतला औंस होता वजनाचा, 28 ग्रॅमपेक्षा थोडा जास्त. असे आठ म्हणजे 227 ग्रॅम. बाटलीवरचा औंस आहे जागेचा, साधारण तीस मिलिलिटरचा, पाणी-दूध मोजायचा. नाव एक, चिन्ह एक, गोष्टी दोन. वितळलेलं बटर पाण्यापेक्षा थोडंसंच हलकं असतं, म्हणून बाटलीतल्या आठ औंसाचं वजन 220 ग्रॅमच्या आसपास भरलं. चुकीच्या मापाने बरोबर उत्तर आलं, आणि याच कारणाने ही चूक वर्षानुवर्षे पकडली जात नाही. पाणी, दूध, दही, बटर यांत दोन्ही औंस जवळपास सारखेच निघतात. पण हेच "8 oz मैदा" असं लिहिलेलं असतं आणि तिने बाटलीच्या खुणेने मोजलं असतं, तर 227 ग्रॅमच्या जागी जेमतेम सव्वाशे ग्रॅम पडला असता. मधाचं उलटं, तो तेवढ्याच जागेत 340 ग्रॅम भरतो.

मी तिला सांगितलं, आता झोप, आणि सकाळी नणंदेला तीनच गोष्टी विचार. तुमचा कप किती मिलिलिटरचा? चमचा पाचचा की पंधराचा? बटरचा औंस तराजूवरचा की मापाच्या भांड्यावरचा? आणि शक्य असेल तर तिला म्हण, एकदा सगळं तराजूवर ठेवून ग्रॅममध्ये लिहून पाठवा. "मैदा किती?" असं मोघम विचारू नकोस, त्याला उत्तर येईल, "अडीच कप, लिहिलं होतं ना!"

तोवर घरातले कप तपासायला मी सांगितलं. ते सोपं आहे. तराजू असेल तर रिकामा कप ठेवून आकडा शून्य करायचा आणि कप पाण्याने भरायचा. पाणी जितके ग्रॅम, तितके मिलिलिटर. तराजू नसेल तर एक लिटर पाण्याची बाटली घ्यायची आणि त्या कपाने रिकामी करायची. चार कपांत संपली तर कप अडीचशेचा. चार कप भरून थोडं पाणी उरलं तर 240 चा. साडेसहा कप निघाले तर तो तुमचा चहाचा कप, त्यात चहाच प्या. चमच्यासाठी औषधाच्या दुकानातली पाच मिलिलिटरची सिरिंज पुरते.

भाचीकडे आणखी एक पारदर्शक प्लास्टिकचा कप निघाला, दीराने शारजाहून आणलेल्या राइस कुकरबरोबर आलेला. त्यावर मापाच्या रेघा असल्याने तिला वाटलं, हाच खरा कप. मोजला तर साडेपाच कपांत लिटर संपला. राइस कुकरचा कप 180 मिलिलिटरचा असतो, ते जपानी तांदळाचं माप आहे. कुकरच्या भांड्यावर आत ज्या पाण्याच्या रेघा असतात त्या याच कपाला जुळवलेल्या असतात, म्हणून तो कप हरवला आणि दुसऱ्या कपाने तांदूळ घातला की भात बिघडतो. त्याला कुकरजवळच ठेवावं, केकमध्ये आणू नये.

माप बरोबर असलं तरी हात आहेच. मैद्याच्या डब्यात कप खुपसून दाबून भरला तर त्याच कपात दीडशे ग्रॅम बसतो, चमच्याने हलका सोडून सुरीने वरचा सपाट केला तर सव्वाशेच्या आत-बाहेर. म्हणून मी ग्रॅमवर अडून बसते.

आपल्या घरच्या जुन्या वह्यांचं काय, असं मागे एका भगिनीने पत्रात विचारलं होतं. दादीच्या वहीत शेर, पाव, छटाक असतात. सरकारी शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅमचा, आणि छटाक त्याचा सोळावा हिस्सा, 58 ग्रॅमच्या आसपास. 1956 च्या कायद्याने किलो-ग्रॅम आले आणि पाव मात्र बोलण्यात तसाच राहिला. आज बाजारात पाव म्हणजे 250 ग्रॅम, दादीचा 233. खीर-शीरखुर्म्यात एवढ्याने काही अडत नाही. अडतं ते पायलीवर. पायली हे भरून मोजायचं माप, आणि एका पायलीत ज्वारी किती बसते, गहू किती, तांदूळ किती, याचं वजन वेगवेगळं. शिवाय पायली गावागणिक लहान-मोठी. तिथे वहीवर विसंबू नका. घरातली जी म्हातारी माणसं आहेत त्यांना ती पायली कुठली होती ते विचारून घ्या, अजून विचारता येतं आहे तोवर.

हे सगळं फोनवर चाललेलं असताना भाचीच्या सासूबाई मागून म्हणाल्या, "मग बाळाच्या तापाच्या औषधाचा चमचा कोणता?" मी खुर्चीत सरळ झाले. केक फसला तर बटरचे पैसे जातात. डॉक्टर "एक चमचा" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात पाच मिलिलिटर असतात, आणि आपल्या चमचेदाणीत तीनचेही निघतात, दहाचेही. त्यातून पॅरासिटामॉलचं सिरप एकाच नावाने दोन ताकदीत मिळतं, पाच मिलिलिटरमध्ये 125 मिलिग्रॅम आणि पाचमध्ये 250. थेंबाची बाटली त्याहूनही दाट असते. तेव्हा डॉक्टरांना मिलिलिटरमध्ये विचारायचं, बाटलीवरचा आकडा त्यांना वाचून दाखवायचा, आणि बाटलीबरोबर आलेल्या झाकणाने किंवा सिरिंजनेच द्यायचं. सासूबाईंनी बाटली आणून वाचली. 250 ची होती. मागची 125 ची होती म्हणे, दुकानदाराने ती नाही म्हणून ही दिली. त्यांनी त्या रात्री औषध थांबवून आधी डॉक्टरांना फोन लावला, आणि त्यांनी निम्मं द्यायला सांगितलं.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजच्या सुमारास नणंदेचा निरोप आला. मैदा 310 ग्रॅम, साखर 300, दही 240, बटर 227, दोन्ही चमचे पाचचे, सपाट. खाली तिने लिहिलं होतं, "सॉरी भाभी, मी इथे आल्यावर पहिल्यांदा अम्मीची बिर्याणी केली तेव्हा माझंही असंच झालं होतं. अम्मीने फोनवर एक ग्लास पाणी सांगितलं, आणि इथला ग्लास म्हणजे बादलीच."

रविवारी केक गेला. मुलीच्या आईने वलीम्यासाठी आणखी पाच किलोची ऑर्डर दिली आहे. भाचीने आता चहाच्या कपांच्या फळीवरून मापाचा कप काढून वेगळ्या खिळ्याला टांगला आहे, आणि नणंदेच्या कृतीखाली पेनाने लिहून ठेवलं आहे, अडीच कप, हा कप.