अर्ज की आत्मचरित्र?

नोकरीच्या अर्जाची ई-मेल मराठीत असेल तर ती शंभर शब्दांच्या आत संपली पाहिजे. इंग्रजीत असेल तर दीडशेच्या आत. आपल्या विभक्त्या शब्दाला चिकटून येतात, इंग्रजीत त्यांचे वेगळे शब्द होतात, म्हणून हा फरक. याहून लांब ई-मेल ही अर्जदाराने स्वतःच्या हाताने स्वतःचं केलेलं नुकसान आहे असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी आपल्या घरच्या ग्रुपवर मांडलं तेव्हा निम्मी मंडळी माझ्यावर तुटून पडली. "मावशी, तू मराठीची बाई असून असं म्हणतेस?" इथपासून "इतकं तोडून लिहिलं तर उद्धट वाटेल" इथपर्यंत सगळं ऐकून घेतलं. तिथे अंगठ्याने टाइप करून उत्तर देणं मला जमत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. (सविस्तर लिहिण्याची जागा ब्लॉग ही आहे, अर्ज ही नव्हे!)

आधी हे लांबण कुठून आलं ते बघू. वर्गात आम्ही अर्ज शिकवायचो तो असा: प्रति, विषय, संदर्भ, "वरील विषयास अनुसरून", मग नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव, आणि शेवटी "सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा". तो नमुना त्याच्या काळी बरोबरच होता. तेव्हा तो कागद म्हणजेच अख्खा अर्ज असायचा. सोबत सत्यप्रती असायच्या, पण माणसाची ओळख सांगणारा दुसरा कागद नसायचा. सगळं त्या एका फुलस्केपवर मावलं नाही तर ते कुठेच नसायचं.

आता काय होतं? ई-मेलला बायोडाटा जोडलेला असतो. जन्मतारखेपासून दहावीच्या टक्क्यांपर्यंत सगळं त्यात असतं. तरीही मुलं तेच सगळं ई-मेलमध्ये पुन्हा लिहितात, कारण नमुना जुना आणि सोय नवी. वाचणाऱ्याला एकच गोष्ट दोनदा वाचावी लागते, आणि माझा अनुभव असा की तो मग दोन्ही धड वाचत नाही. आमच्या संस्थेच्या निवड समितीत मी काही वर्षं होते. शेवटी शेवटी अर्ज ई-मेलवर यायला लागले होते. क्लार्क ई-मेल उघडायचा, बायोडाटा छापून घ्यायचा आणि आमच्यापुढे ठेवायचा. ई-मेलमधला तो दीड पान मजकूर समितीपर्यंत पोहोचायचाच नाही. क्लार्कला त्यातून फक्त तीन गोष्टी हव्या असत: कोणत्या जागेसाठी, हा माणूस पात्र आहे का, आणि फोन नंबर काय. चार परिच्छेद उपसूनही त्या सापडल्या नाहीत तर तो वैतागायचा, आणि अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी जायचा. खोटं कशाला सांगू!

आता प्रत्यक्ष उदाहरण घेते, म्हणजे नुसतं तत्त्वज्ञान नको. माझ्या भाचीची मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. एका डेअरीत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. जाहिरातीत तीनच गोष्टी मागितल्या होत्या: विज्ञानाची पदवी, दुधाच्या चाचण्यांचा अनुभव आणि पाळ्यांमध्ये काम करण्याची तयारी. पोरीने ई-मेल लिहिली ती 350 शब्दांच्या घरात! "मावशीआजी, शुद्धलेखन तेवढं बघ" म्हणून मला पाठवली. शुद्धलेखन ठीक होतं. बाकीचं बघण्यासारखं होतं.

सुरुवात होती "सविनय सादर प्रणाम" अशी. त्यानंतर "माझे नाव अमुक असून मी तमुक गावची रहिवासी आहे". आता ई-मेल उघडण्याआधी यादीत विषयाशेजारी पहिले पाच-सात शब्द दिसतात, हे तुम्ही रोज बघताच. त्या पाच-सात शब्दांत हिने प्रणाम केला होता. नाव तर पाठवणाऱ्याच्या जागी दिसतं, खाली सहीतही येतं, आणि पत्ता बायोडाटात आहे. म्हणजे पहिला परिच्छेद अख्खा गेला, आणि काहीच बिघडलं नाही. दुसऱ्या परिच्छेदात दहावी, बारावी, पदवीचे टक्के होते. तेही बायोडाटात आहेत. गेले.

तिसऱ्यात विशेषणं होती: कष्टाळू, प्रामाणिक, जिज्ञासू, संघभावनेने काम करणारी. विशेषण ठेवायचं की काढायचं याची माझी साधी कसोटी आहे. त्याच्या उलट कोणी लिहील का? "मी आळशी आणि लबाड आहे" असं कोणी अर्जात लिहीत नाही, म्हणून "प्रामाणिक" लिहूनही वाचणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. पोरगी खरोखर प्रामाणिक आहे, मला ठाऊक आहे. पण डेअरीच्या माणसाला ते या शब्दावरून कसं कळणार? त्यापुढे डेअरीची स्तुती होती. ती त्यांच्याच जाहिरातीतून उचललेली, म्हणजे त्यांचीच साखर त्यांच्याच चहात.

खरी लढाई झाली ती शेवटच्या मोठ्या परिच्छेदावरून. "घरची परिस्थिती बेताची आहे, वडिलांना कमी दिसते, धाकट्या भावाचे शिक्षण चालू आहे, तरी मिळेल त्या पगारावर काम करण्याची तयारी आहे." हे भाचीने सांगून लिहवून घेतलेलं. ती म्हणाली, "वाचून कुणाला तरी दया येईल." मी म्हटलं, दया येईलही, पण आधी काय होईल ते ऐक. पगाराचा आकडा ठरायच्या आधीच तू त्यांना सांगून टाकलंस की पोरगी कमीत कमी पैशांत येईल. पुढे बोलायला जागाच ठेवली नाहीस. आणि दुसरं म्हणजे, ही ई-मेल एकच माणूस वाचतो असं समजू नये. कार्यालयातून ती प्रयोगशाळेच्या प्रमुखाकडे जाते, तिथून आणखी कुणाकडे. पोरीला उद्या ज्यांच्याबरोबर काम करायचंय त्या सगळ्यांना घरातली अडचण तिच्या आधी कळावी का? भाची दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. परिच्छेद मात्र काढला.

एक वाक्य मात्र मी त्यातलंच वाचवलं. आईचं मोठं आजारपण झालं म्हणून पोरगी वर्षभर घरी होती. बायोडाटात ती फट दिसतेच. दिसणाऱ्या फटीबद्दल गप्प राहिलं की वाचणारा मनाने काहीतरी भरतो, आणि ते बहुधा वाईटच असतं. तेव्हा एका वाक्यात कारण, पुढच्या वाक्यात ती अडचण संपली हे, आणि बस्स. आजाराचं नाव, हॉस्पिटल, खर्च यातलं काही नको.

गंमत म्हणजे 350 शब्दांत जे सांगायला हवं होतं तेच नव्हतं. सहा महिने ती तालुक्याच्या शीतकरण केंद्रात काम करत होती, त्याबद्दल फक्त "सर्व चाचण्यांचे उत्तम ज्ञान आहे" एवढंच! मी विचारलं, "रोज काय करायचीस?" तर धडाधड सांगायला लागली. ते लिहून घेतलं. शेवटी ई-मेल अशी झाली:

विषय : प्रयोगशाळा सहायक पदासाठी अर्ज – बी.एस्सी., दूध चाचण्यांचा 6 महिने अनुभव

नमस्कार,

आपल्या डेअरीतील प्रयोगशाळा सहायक पदासाठी हा अर्ज पाठवत आहे. जाहिरात रविवारच्या वर्तमानपत्रात वाचली.

मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आहे. त्यानंतर 6 महिने तालुक्याच्या दूध शीतकरण केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. तिथे रोज सकाळी सुमारे 40 नमुन्यांचे फॅट गर्बर पद्धतीने काढत होते. लॅक्टोमीटरच्या रीडिंगवरून एसएनएफ काढणे आणि एमबीआरटी चाचणीची नोंदवही ठेवणे ही कामेही माझ्याकडे होती.

2024 मध्ये आईच्या आजारपणामुळे वर्षभर घरी होते. ती अडचण आता राहिलेली नाही.

पहाटेच्या पाळीला येण्याची तयारी आहे. निवड झाल्यास 15 दिवसांत रुजू होऊ शकेन. बायोडाटा आणि अनुभवाचे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.

खाली नाव आणि मोबाइल नंबर. मोजून बघा, विषय आणि सही सोडून 85-90 शब्द आहेत. जाहिरातीतल्या तिन्ही मागण्यांची उत्तरं त्यात आहेत. "40 नमुने" आणि "गर्बर" हे दोन शब्द वाचले की डेअरीतल्या माणसाला कळतं की या पोरीने ब्यूटिरोमीटर हातात धरलेला आहे. "उत्तम ज्ञान" वाचून कळत नाही. आणि हे वाचून उद्धट कुठे वाटतं, तेवढं मला दाखवा. वाचणाऱ्याचा वेळ वाचवणं ही पण अदबच आहे, फक्त तिला "कृपाभिलाषी" असं नाव नाही.

काटछाटीचंही एक पथ्य आहे. काढायची ती अख्खी वाक्यं. शब्द चेपायचे नाहीत. काही मुलं सगळे मुद्दे ठेवतात आणि क्रियापदं उडवतात: "बी.एस्सी. सूक्ष्मजीव. अनुभव 6 म. पाळी चालेल." ही तार झाली! तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, ई-मेलला पडत नाहीत. आणि दुसरं टोक म्हणजे मजकूर अजिबात नाही, नुसता बायोडाटा जोडून धाडलेला, फाइलचं नाव `Resume_final_new(2).pdf`. समोरच्याने ती उतरवून घेतली की त्याच्या संगणकात ती कुणाची हे त्यालाही सांगता येणार नाही. फाइलला स्वतःचं नाव आणि पद द्यायला किती वेळ लागतो?

माझा शंभराचा आकडा सगळीकडे चालत नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर पुण्याचे आमचे दीर लगेच पकडतील. सरकारी भरतीत बहुधा ऑनलाइन फॉर्म असतो, तिथे ई-मेलचा प्रश्नच येत नाही. संशोधनाच्या जागांना किंवा शिष्यवृत्तीला एक-दोन पानांचं निवेदन मागतात. ते जरूर लिहावं, पण वेगळ्या फाइलमध्ये. ई-मेल तिथेही लहानच ठेवावी. आणि जाहिरातीत "अपेक्षित पगार कळवा" असं लिहिलं असेल तर ते एक वाक्य वाढवायला माझी हरकत नाही. आकडा मात्र पोरीने स्वतः ठरवावा, भाचीने नव्हे.