वाट पाहण्याची किंमत : सरकारी नोकरी, खासगी नोकरी आणि ४५ वर्षांची मर्यादा

वाळपई, सांगे, केपे किंवा पेडणे यांसारख्या गावांतील घरात मुलगा अथवा मुलगी पदवीधर झाली की पहिल्या महिन्यात एकच चर्चा सुरू होते. सरकारी नोकरीसाठी थांबायचे, की वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मिळेल ती नोकरी धरायची? ही चर्चा बहुधा पगार आणि प्रतिष्ठा यांभोवतीच फिरते. थांबण्याची किंमत किती आणि ती खरोखर मोजावी लागते का, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

गोव्यात सर्वाधिक अर्ज ज्या पदांसाठी येतात त्यांत कनिष्ठ कारकुनाचे, म्हणजे एलडीसीचे पद आघाडीवर आहे. सातव्या वेतन आयोगानुसार या पदाचे सुरुवातीचे मूळ वेतन १९,९०० रुपये आहे. केंद्राने जुलै २०२५ पासून लागू केलेला ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर ही रक्कम ३१,४४२ रुपये होते. नव्या भरतीतील कर्मचाऱ्याला जुनी निवृत्तिवेतन योजना मिळत नाही. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत दहा टक्के, म्हणजे ३,१४४ रुपये, त्याच्या वेतनातून वळते होतात. घरभाडे भत्ता बाजूला ठेवला तरी हाती सुमारे २८,३०० रुपये येतात.

आता खासगी बाजू पाहू. वाणिज्य शाखेच्या नव्या पदवीधराला एखाद्या कारखान्याच्या भांडार किंवा लेखा विभागात महिना १६,००० रुपये मिळतात, असे उदाहरणादाखल समजू. १५,००० रुपयांवर बारा टक्क्यांनी भविष्य निर्वाह निधीचे १,८०० आणि राज्य विम्याचे १२० रुपये वजा होऊन हाती १४,०८० रुपये उरतात. दोन्हींतील तफावत जवळपास १४,२०० रुपयांची आहे.

हा पदवीधर नोकरी न धरता तीन वर्षे घरी राहून अभ्यास करील, तर तो सुमारे पाच लाख सात हजार रुपयांच्या मिळकतीवर पाणी सोडतो. निवड झाली तर दरमहाच्या तफावतीतून ही रक्कम साधारण तीन वर्षांत भरून निघते आणि पुढची तीस वर्षे फायद्याची ठरतात. म्हणूनच थांबणाऱ्या कुटुंबांना अविचारी म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र या गणितात निवड होईल हे गृहीत धरलेले आहे. ती झाली नाही तर पाच लाख तर जातातच, शिवाय चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी तो उमेदवार कारखान्याच्या दारात पुन्हा नवशिका म्हणूनच उभा राहतो. त्याच्यासोबत पदवी घेऊन लगेच कामाला लागलेला मित्र तोवर एखादी पायरी वर गेलेला असतो.

तथापि, घरी थांबणे किंवा सरकारी नोकरीचा नाद सोडणे, असे दोनच पर्याय असल्याचे समजणे ही या चर्चेतील मूळ गफलत आहे. महाराष्ट्रात लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना खुल्या गटासाठी साधारणपणे ३८ वर्षांची मर्यादा असते. त्यामुळे तेथील उमेदवाराला घड्याळाकडे पाहून धावावे लागते. गोव्यात राज्य सरकारच्या बहुतेक पदांसाठी ही मर्यादा ४५ वर्षांची आहे. एकविसाव्या वर्षी पदवी घेतलेल्याच्या हाती अर्ज करण्यासाठी दोन तपे असतात. ज्या दाराला इतका काळ कुलूप लागणार नाही, त्यासमोर सगळी कामे सोडून बसण्याचे कारण उरत नाही. उलट या सैल मर्यादेचा एक तोटाही दिसतो. ‘पुढच्या जाहिरातीत होईल’ असे म्हणत वर्षे निघून जातात आणि थांबण्याचा निर्णय कधी बदलायचा, हे बाहेरून कोणीच सांगत नाही.

परीक्षेचे स्वरूपही येथे लक्षात घ्यावे लागते. गट ‘क’ पदांची भरती पूर्वी ज्या त्या खात्याकडे असे. २०१९ च्या कायद्याने गोवा कर्मचारी निवड आयोग स्थापन झाला आणि अलीकडच्या काळात ही भरती संगणकावरील परीक्षेद्वारे होऊ लागली. एलडीसीसाठी बारावी उत्तीर्ण, संगणकाचे ज्ञान, मिनिटाला तीस शब्दांचा टंकलेखनाचा वेग, कोकणीचे ज्ञान आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. मराठीचे ज्ञान इष्ट मानले जाते. ही तयारी रोजच्या दीड-दोन तासांत, नोकरी सांभाळून होण्यासारखी आहे. गोवा लोकसेवा आयोगाच्या कनिष्ठ श्रेणी अधिकारी पदाची गोष्ट वेगळी. तेथील अभ्यासाचा आवाका मोठा असल्याने काही काळ पूर्णवेळ बैठक मारण्यात अर्थ असू शकतो. पण तो काळ किती, हे आरंभीच घरात ठरलेले असावे.

थांबण्याचा आणखी एक धोका आहे. वाट पाहणारे घर जितके अगतिक, तितका मध्यस्थाचा शब्द गोड वाटतो. २०२४ च्या अखेरीस नोकरीचे आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे राज्यात एकामागून एक उघड झाली आणि अनेकांना अटक झाली. पैसे देणाऱ्यांत दागिने मोडणारी, कर्ज काढणारी साधी कुटुंबेही होती. लेखी गुणांवर यादी लागत असताना ‘आत ओळख आहे’ म्हणून पैसे मागणारा माणूस काय विकतो आहे, एवढा प्रश्न विचारला तरी यातील बरीच फसवणूक टळेल.

नोकरी करता करता तयारी करायची, तर ती नोकरी कोणती हे तपासावे लागते. खासगी क्षेत्राविषयीची गोमंतकीय कुटुंबांची नाराजी निराधार नाही. पाळीपाळीचे काम, कंपनीची बस नसेल तर प्रवासात जाणारे तास आणि मुख्य म्हणजे कंत्राटदाराच्या हजेरीपटावरील नेमणूक, ही तिची कारणे आहेत. आपण कोणाचे कर्मचारी आहोत, हे फाटकावरच्या पाटीवरून कळत नाही. नेमणूकपत्रावर कोणाची सही आहे आणि भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकात मालक म्हणून कोणाचे नाव येते, यावरून ते कळते. निधीची कपातच होत नसेल तर बहुधा शिकाऊ उमेदवारी असते, नाहीतर नियमभंग. शिकाऊ उमेदवारीत गैर काही नाही, परंतु तिची मुदत आणि त्यानंतर मिळणारे प्रमाणपत्र यांची आधी खात्री करून घ्यावी.

या कागदांचे महत्त्व पुढे वाढण्याची चिन्हे आहेत. सरकारी नोकरीसाठी खासगी क्षेत्रातील किमान वर्षभराचा अनुभव असावा, अशी भूमिका मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जाहीरपणे मांडली आहे. ती सरसकट अमलात आली, तर घरी थांबून केवळ अभ्यास करणारा उमेदवार अर्जाच्या टप्प्यावरच अडू शकेल. मात्र त्याचबरोबर सरकारलाही एक प्रश्न सोडवावा लागेल. कंत्राटदाराकडे राबलेल्या, नेमणूकपत्र न मिळालेल्या मुलामुलींचा अनुभव कोण आणि कशाच्या आधारे प्रमाणित करणार? त्याचे उत्तर नियमात नसेल, तर ज्यांना चांगल्या कंपनीत शिरकाव मिळाला त्यांनाच सरकारी दारही उघडे राहील आणि ज्या घरांना सरकारी नोकरीची सर्वाधिक गरज आहे, ती दोन्हीकडून बाहेर राहतील.