डिपॉझिट, लॉक-इन आणि नोटीस : सही करण्याआधी ही तीन कलमं एकत्र वाचा

‘आता घरमालकाला दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेताच येत नाही’ असा मेसेज कुटुंबांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून फिरतो. तो वाचून पहिल्यांदाच भाड्याचं घर शोधणारी मंडळी एजंटशी वाद घालतात आणि तोंडघशी पडतात. दोन महिन्यांच्या मर्यादेची गोष्ट अगदीच खोटी नाही. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी तशी तरतूद आहे. पण तो केवळ नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे आजही १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा चालतो आणि अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात डिपॉझिट किती घ्यायचं यावर त्यात आकड्याची मर्यादा नाही. म्हणजे आपलं संरक्षण करारात जे लिहिलं असेल त्यावरच बरंचसं अवलंबून राहतं.

अडचण अशी की करार वाचायला आपल्याला वेळच मिळत नाही. नाव ऐकून दोन-चार ठिकाणी नकार पचवलेल्या कुटुंबाला अखेर एक घरमालक ‘हो’ म्हणतो, तेव्हा ‘घर हातचं जायला नको’ या घाईत सही होते. एजंट सांगतो, ‘सगळ्यांचा हाच फॉरमॅट असतो.’ फॉरमॅट तोच असतो हे खरं, पण तो बहुतेक वेळा घरमालकाच्या सोयीचा असतो.

एक उदाहरण घेऊ. पुण्यात कोंढव्याला एका नवविवाहित जोडप्याने वन बीएचके घेतला. भाडं १५,००० रुपये, डिपॉझिट ६०,००० रुपये, करार १ जून ते ३० एप्रिल. लॉक-इन सहा महिन्यांचा, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. सप्टेंबरच्या सुरुवातीला नवऱ्याची बदली नाशिकला झाली. त्याने १ तारखेलाच मालकाला कळवलं, सप्टेंबरचं भाडं वेळेवर भरलं आणि ३० सप्टेंबरला चावी दिली. मालकाने मांडलेला हिशेब असा : लॉक-इनचे उरलेले दोन महिने ३०,०००, नोटिशीचा एक महिना १५,०००, रंगकाम ८,००० आणि वीजबिल १,२००. एकूण ५४,२०० वजा जाता हातात आले ५,८०० रुपये.

आता हा हिशेब एकेक करून तपासू.

पहिला मुद्दा लॉक-इनचा. लॉक-इन म्हणजे जेवढ्या काळात करार मोडता येत नाही तो काळ. पण मोडला तर काय, हे कलमात वेगळं लिहिलेलं असतं. ‘उरलेल्या सर्व महिन्यांचं भाडं द्यावं लागेल’ असं लिहिलं असलं तरी ती रक्कम आपोआप मालकाची होत नाही. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही भरपाईची कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. १५ ऑक्टोबरला नवा भाडेकरू राहायला आला असेल, तर दोन महिन्यांचं नुकसान झालं असं म्हणणं अवघड आहे. हे कोर्टात मांडता येतं. मात्र पैसे मालकाच्या खिशात असतात आणि वकील आपल्याला करावा लागतो. म्हणून भरपाईचा आकडा आधीच लिहून घ्यावा : ‘लॉक-इनमध्ये घर सोडल्यास एका महिन्याचं भाडं, त्यापेक्षा जास्त नाही.’

लॉक-इन दोघांनाही बांधतो का, तेही पाहावं. अनेक करारांत तो फक्त भाडेकरूवर असतो. मग मालक तिसऱ्याच महिन्यात ‘घर रिकामं करा’ म्हणू शकतो. मुलांच्या शाळेचं वर्ष मध्येच असलेल्या कुटुंबाला हे महागात पडतं. ‘उभयपक्षी’ हा एक शब्द घातला की अर्थ बदलतो.

दुसरा मुद्दा नोटिशीचा. वरच्या करारात वाक्य होतं : ‘लॉक-इन संपल्यानंतर एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवता येईल.’ साधं वाटतं, पण याचा अर्थ नोटीस १ डिसेंबरलाच देता येईल, म्हणजे सहा महिन्यांचा लॉक-इन प्रत्यक्षात सात महिन्यांचा झाला. याच वाक्यावर बोट ठेवून मालकाने आणखी एक महिना कापला. खरं तर लॉक-इनच्या पूर्ण काळाची भरपाई घेतल्यावर वर पुन्हा नोटिशीचं भाडं घेणं म्हणजे एकाच गोष्टीची दोनदा वसुली. वाक्य असं हवं : ‘नोटीस लॉक-इनच्या काळातही देता येईल, नोटिशीचा आणि लॉक-इनचा काळ एकत्र चालेल.’

नोटीस तोंडी देऊ नका. करारात ईमेल किंवा रजिस्टर पोस्ट लिहिलं असेल तर त्याच मार्गाने द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर ते चालेल असं करारातच लिहून घ्या. मालकाने द्यायची नोटीस दोन महिन्यांची असावी, असा आग्रह आपल्या लोकांनी जरूर धरावा. दुसरं घर मिळायला आपल्याला जास्त वेळ लागतो, हे सांगण्यात संकोच कसला?

तिसरा मुद्दा डिपॉझिटचा. रंगकामाचे ८,००० कशाचे? चार महिन्यांत भिंती वापराने जेवढ्या मळतात, ती नेहमीची झीज. तिचा खर्च भाडेकरूचा नसतो, पण करारात ‘रंगकामाचा खर्च कापला जाईल’ असं लिहून सही केली असेल तर भांडायला जागा कमी उरते. ‘नेहमीची झीज वगळून प्रत्यक्ष नुकसान आणि थकीत बिलंच कापली जातील, त्यांच्या पावत्या दिल्या जातील’ असं लिहून घ्या. पैसे परत कधी, हेही हवं. ‘चावी देताना त्याच वेळी’ हे सगळ्यात चांगलं. ‘घर सोडल्यानंतर’ एवढंच लिहिलं असेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

चावी घेतल्याच्या दिवशी भिंती, नळ, टाइल्स आणि विजेच्या मीटरचा आकडा यांचे फोटो काढून मालकालाच पाठवा. सोडतानाही तेच करा. डिपॉझिट रोख देऊ नका. करारात २०,००० दाखवून उरलेले ४०,००० हातात मागितले, तर वाद झाल्यावर ते ४०,००० सिद्ध कसे करणार?

ही तीन वाक्यं वेगळी असती तर त्या जोडप्याचा हिशेब असा झाला असता : भरपाई १५,०००, वीजबिल १,२००, बाकी परत ४३,८००. फरक ३८,००० रुपयांचा.

करार रजिस्टर झाला आहे ना, हे पाहणंही तितकंच गरजेचं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे ‘नोटरी पुरे’ या बोलण्यात येऊ नका.

डिपॉझिट अडलं म्हणून घरात बसून राहू नका. शेवटच्या महिन्यांचं भाडं ‘डिपॉझिटमधून वळवून घ्या’ असंही परस्पर ठरवू नका. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर राहिल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. चावी लेखी पोच घेऊन द्या, मग वकिलामार्फत नोटीस पाठवा.

एजंटकडून मसुदा एक दिवस आधी मोबाइलवर मागून घ्या. बदल सांगायचे ते तेव्हाच सांगा. बायोमेट्रिकवर अंगठा टेकवला की ती संधी गेली.