बाटलीचा सातबारा कुणाकडे आहे?

गेल्या महिन्याभरात चार-पाच जणांनी मला एकच माहितीपत्रक पाठवून विचारलंय, "साहेब, हे खरं आहे का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो.

माहितीपत्रक वाइनमधल्या गुंतवणुकीचं आहे. वर फ्रान्समधल्या हवेलीचा फोटो, खाली मराठीत मजकूर: सोनं झालं, प्लॉट झाला, शेअर झाले, आता वाइन. जितकी जुनी तितकी महाग. तीन लाखांत एक पेटी तुमच्या नावावर, पेटी परदेशातल्या गोदामात सुरक्षित, आठ-दहा वर्षांनी विका. हे कुणाला पाठवलं जातंय ते बघा. निवृत्त मास्तर, ग्रामसेवक, एसटीतून बाहेर पडलेले लोक. म्हणजे ज्यांच्या खात्यात नुकतीच फंडाची रक्कम आलीय ते. आणि तुळजापूर तालुक्यातले द्राक्षवाले, कारण त्यांना "आपल्याच द्राक्षाचं सोनं होतंय" असं सांगायला सोपं जातं.

हे शेवटचं आधी निकालात काढतो. आपल्या भागातली थॉमसन, सोनाका, माणिक चमन ही खायची, नाहीतर बेदाण्याची द्राक्षं. वाइनची जात वेगळी: कॅबरने सोव्हिन्यों, शिराझ, शेनिन ब्लां. मणी लहान, आत बी, साल जाड. आपल्या बागेचा आणि त्या पेटीचा काडीचा संबंध नाही.

आता मूळ वाक्य. "जितकी जुनी तितकी महाग." हे धडधडीत खोटं आहे. जगात तयार होणारी बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच बनवलेली असते. ती ठेवली तर सुधारत नाही, उतरते. पांढऱ्या वाइनचा ताजा फळाचा वास आधी जातो, मग रंग तपकिरी होत जातो. वर्षानुवर्षं टिकायला वाइनमध्ये तुरटपणा, आंबटपणा आणि अर्क भरपूर लागतो, आणि तो मोजक्याच बागांच्या मालात असतो.

बरं, टिकली म्हणून किंमत वाढते का? तेही नाही. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. अकलूजकडच्या फ्रातेल्ली कंपनीची 'सेत्ते' ही चांगली रेड वाइन आहे. इटलीचे, दिल्लीचे आणि अकलूजचे मोहिते-पाटील, अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून काढलेली कंपनी. 'फ्रातेल्ली' म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. ही वाइन काही वर्षं टिकते. पण समजा तुम्ही आज सहा बाटल्या घेतल्या आणि आठ वर्षांनी विकायला काढल्या. घेणार कोण? त्या दिवशी दुकानात नव्या सालाची तीच वाइन छापील किमतीला उभी असणार. जुन्या बाटलीला जास्त पैसे देणारा माणूस नाही, तिचा भाव लिहून ठेवणारा बाजार नाही, तिच्यासाठी लिलाव नाही. नाशिकच्या बाटलीचंही तेच. वाइन वाईट आहे असं मी म्हणत नाही. प्यायची वस्तू आहे, प्या किंवा पिऊ नका. ठेव म्हणून ठेवू नका.

(कंपनीचा शेअर ही आणखी वेगळी गोष्ट. सुलाचा शेअर डिसेंबर 2022 मध्ये 357 रुपयांना आला, 2024 च्या सुरुवातीला सहाशेच्या वर गेला आणि 2025 मध्ये 357 च्याही खाली आला. तो धंद्याचा भाव आहे, बाटलीचा नाही.)

मग भाव वाढतो कशाचा? जगात मोजकी नावं आहेत. बोर्दोतली लाफित, लातूर (आपलं लातूर नव्हे), मार्गो यांसारखी जुनी घराणी, बरगंडीतली रोमाने-कोंती, काही शँपेन, इटलीच्या आणि कॅलिफोर्नियाच्या थोड्या बागा. यांच्यात तीन गोष्टी एकत्र येतात. बाग ठरलेली आहे, ती वाढवता येत नाही. वाइन वीस-तीस वर्षं सुधारत राहते. आणि दरवर्षी जगभर त्या सालाच्या बाटल्या पिऊन संपत जातात, म्हणून उरलेल्यांना भाव येतो. तिन्हींपैकी एक जरी नसली तरी गणित बसत नाही.

आणि या नावांचाही भाव सरळ वर जात नाही. चीनमधल्या श्रीमंतांनी लाफितवर उड्या मारल्या तेव्हा 2011 पर्यंत भाव आभाळाला गेले, नंतर काही वर्षं उतरत राहिले. 2022 च्या शिखरानंतर पुन्हा लंडनच्या वाइन बाजाराचा निर्देशांक दोन वर्षांहून जास्त काळ घसरत होता. माहितीपत्रकातला आलेख मात्र 2022 ला संपतो. तो तिथंच का संपतो, हे तुम्हीच ओळखा.

आता खरी मेख. समजा नाव बरोबर आहे, साल बरोबर आहे. तरी बाटली खरी आहे हे कशावरून? आणि खरी असली तरी ती आजवर कुठं राहिली?

आपण जमीन घेताना काय करतो? सातबारा बघतो, फेरफार काढतो, आधीचा मालक कोण, त्याच्याकडे कुणाकडून आली, सगळं मागं मागं जातो. वाइनच्या बाजारात हाच कागद बाटलीइतकाच महत्त्वाचा असतो. 2018 साली न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात 1945 च्या रोमाने-कोंतीची एक बाटली 5 लाख 58 हजार डॉलरला गेली. लिलावाआधीचा अंदाज 32 हजार डॉलरचा होता. त्या साली जेमतेम सहाशे बाटल्या निघाल्या होत्या आणि लगेच जुन्या वेली उपटल्या गेल्या, हे एक कारण. दुसरं कारण तितकंच मोठं: ती बाटली रोबेर द्रुएँ या बरगंडीतल्याच जुन्या वाइन घराण्यातल्या माणसाच्या तळघरातून आली होती. मधे कुणी दलाल नाही, कुणाची गाडी नाही, कुणाचं गोदाम नाही.

याच्या उलट प्रकरण 2008 चं. न्यूयॉर्कच्याच एका लिलावात बरगंडीच्या पोन्सो घराण्याच्या 'क्लो सँ-दनी' या वाइनच्या बाटल्या आल्या. साल 1945 पासून 1971 पर्यंतची. लेबलं जुनाट, बाटल्यांवर धूळ, सगळं झकास. त्या घराण्याचे लॉराँ पोन्सो स्वतः विमानानं न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनी बाटल्या लिलावातून काढायला लावल्या. कारण त्यांच्या घराण्यानं ही वाइन बनवायला सुरुवातच 1980 च्या दशकात केली होती! जी वाइन अस्तित्वातच नव्हती, तिच्या बाटल्या विकायला आल्या होत्या. बाटल्या आणणारा रूडी कुर्नियावान. तोवर अमेरिकेतले मोठमोठे श्रीमंत त्याच्याकडून माल घेत होते. 2012 मध्ये पोलिसांनी त्याच्या कॅलिफोर्नियातल्या घरावर छापा घातला तेव्हा तिथं छापलेल्या लेबलांच्या थप्प्या, बुचं, लाख आणि स्वस्त वाइन मिसळण्याचे लिहून ठेवलेले पाठ सापडले. 2014 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

ज्यांच्याकडे पैसा, तज्ज्ञ आणि वकील सगळं होतं, ते फसले. आपल्याला मोबाईलवर आलेला बाटलीचा फोटो बघून काय कळणार?

साठवणीचंही तसंच. अशा वाइनला बारा-चौदा अंश तापमान बारा महिने लागतं, अंधार लागतो, बूच सुकू नये इतका ओलावा लागतो. इंग्लंडात विल्टशायरमध्ये जुन्या दगडखाणीत जमिनीखाली यासाठी गोदाम केलेलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. उष्णतेनं वाइन फुगते, बूच वर ढकलतं, कडेनं रस झिरपतो. मग बुचाच्या वेष्टणाखाली चिकट डाग दिसतो, बाटलीतली पातळी मानेखाली उतरते. जाणकार विकत घेताना आधी हीच पातळी बघतो आणि तिथंच भाव पाडतो. आत काय झालंय ते चाखायची गरजही पडत नाही.

आता माहितीपत्रकातलेच तीन लाख घेऊन हिशेब करू. आकडे मी धरलेले आहेत, पण विकणाऱ्याला झुकतं माप देऊन. तीन लाखांच्या पेटीत विकणाऱ्याचा नफा असतोच, म्हणून बाजारात ती अडीच लाखांची धरा. भाव दरवर्षी न चुकता पाच टक्के वाढला तर आठ वर्षांनी ती 3 लाख 69 हजारांची होईल. विकताना दहा टक्के दलाली गेली, राहिले 3 लाख 32 हजार. गोदाम आणि विमा वर्षाला पंधराशे धरला तर आणखी बारा हजार वजा. हातात 3 लाख 20 हजार. आठ वर्षांत वीस हजार सुटले. तेच तीन लाख बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते तर 4 लाख 96 हजार झाले असते. आणि हे सगळं भाव एकदाही न पडता.

कुणी म्हणेल, मग पेटी इकडंच मागवून घेऊ. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क राहिलंय. आणि आणली तरी विकणार कशी? महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू विकणं गुन्हा आहे, आणि वाइन त्यातून सुटलेली नाही. म्हणजे तुमच्या मालकीची वस्तू तुम्ही तुमच्याच जिल्ह्यात, तुमच्याच मित्रालासुद्धा विकू शकत नाही. जी विकता येत नाही तिला गुंतवणूक म्हणायचं?

म्हणून पेटी "तिकडंच" राहते, आणि तुमच्या हातात राहतो एक रंगीत कागद. तिकडं पेटी खरंच आहे का? 'बोर्दो सेलर्स' नावाच्या कंपनीच्या दोघांवर 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी आरोप ठेवला. श्रीमंत संग्राहकांच्या वाइनच्या तारणावर कर्ज द्या, व्याज मिळवा, असं सांगून 99 दशलक्ष डॉलर गोळा केले, आणि आरोपपत्राप्रमाणे ते संग्राहकही नव्हते, ती वाइनही नव्हती.

मी त्या माहितीपत्रकावरच्या नंबरला फोन केला. तीनच प्रश्न विचारले. गोदामाचं नाव काय, आणि तिथलं खातं माझ्या नावावर असेल की तुमच्या? मी थेट गोदामाला पत्र लिहून माझ्या पेटीचा क्रमांक तपासू शकतो का? ही पेटी बागेतून निघाल्यापासून कुणाकुणाकडे होती, त्याच्या पावत्या दाखवाल का? पहिल्याला "कंपनीच्या नावावर असतं, सर, सगळ्यांचंच." दुसऱ्याला "त्याची गरजच पडत नाही." तिसऱ्याला पलीकडचा पोरगा म्हणाला, "सर, एवढं कुणी विचारत नाही."

माहितीपत्रक ज्यांना आलंय त्यांनी हेच तीन प्रश्न विचारा आणि मिळालेलं उत्तर खाली कॉमेंटमध्ये टाका. पैसे आधीच भरले असतील तर पावती आणि कराराचा फोटो मला इनबॉक्स करा, नाव बाहेर येणार नाही.